गच्चीवरचं पाणी

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे होळीनंतर गच्चीचं पाणी जायचं भोक जुन्या साडीच्या चिंधीनं बुजवून पाणी भरणं. नवं वॉटरप्रूफिंग झालं होतं. दोन दिवस पाणी ठेवायचं आणि खाली आमच्या छताला ओल येते का बघायचं. ती पाय बुडवून बसली. "अहो, ग्वाल्हेरात समुद्र!"

"ऊठ, सर्दी होईल," मी खेकसलो.

दुसऱ्याच दिवशी ती गेली. माणसं जमली, पाणी कुणीतरी सोडून दिलं. छत बघायचं राहिलं. पाऊस अजून आलेला नाही.

काल दलाल फ्लॅटची जाहिरात लिहायला आला. मी सांगितलं, सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं, किल्ला दिसतो. गच्ची उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते, पण थंडीत दिवसभर बसा. ती तिथंच स्वेटर विणायची. त्यानं शेवटी लिहिलं, 'गळती नाही.'

"खोड ते."

"काका, लिख देते हैं ना. कौन देखता है?"

"ती बघणार होती. आता मी बघतो. दोन दिवसांनी ये."

आज सकाळी चिंधी शोधली, भोक बुजवलं आणि नळाची नळी गच्चीवर सोडली. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर मीही पाय बुडवून बसलो.