तक्रारीनंतर काढलेले फोटो

त्या पौर्णिमेला मावशी चंदगडहून बाराच्या एसटीनं जेवायला येणार होती. बुद्धवंदना झाल्यावर खीर आणि पनीरची भाजी, असा बेत. बाजारात जायचा मला कंटाळा आला, म्हणून दूध, पनीर आणि मशरूम ॲपवरून मागवलं. सकाळी आठ बेचाळीसला पिशवी दारात आली.

आईनं पिशवी उघडली आणि नाक मुरडलं. तिनं वीस वर्षं हातकणंगल्याकडच्या दूध संकलन केंद्रात काम केलेलं. पातेल्यात ओतून तापवायला ठेवलेलं दूध तिच्यादेखत फाटलं. पनीरचं पाकीट फुगलेलं, मशरूम काळी पडून चिकट झालेली.

"पाकिटावरची तारीख तर उद्याची हाय की," मी म्हटलं.

"तारखेला काय वास येतोय व्हय?"

माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच फुटली होती, म्हणून फोटो आईच्या मोबाइलनं काढले. तिच्या फोटोंवर कोपऱ्यात तारीख-वेळ आपोआप उमटते. म्हटलं, बरंच झालं, पुरावा झाला. तिनं ते मला पाठवले आणि आठ पन्नासला मी ॲपमध्ये तक्रार टाकली: तिन्ही वस्तू खराब, पूर्ण पैसे परत हवेत, माल परत देणार नाही.

आधी यंत्राची ठरलेली उत्तरं आली आणि निम्म्या रकमेचं कूपन देऊ केलं गेलं. मी ते नाकारलं. मग एक माणूस चॅटवर आला. इंग्रजीत, फार सभ्य.

"मॅडम, सध्या आठ चोपन्न झालेत. तुमच्या फोटोंवर नऊ वाजून दोन मिनिटं आहेत. हे फोटो कधी काढले?"

मी तीनदा वाचलं. फोटो माझ्यासमोर काढलेले. भिंतीवरच्या घड्याळात आठ चोपन्नच. मग फोटोवर नऊ दोन कुठून आले? माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी फोटो पुन्हा उघडला. नऊ दोन. अजून न झालेली वेळ.

"तुम्ही फोटोंवरची वेळ बदलली आहे का?" पुढचा प्रश्न आला.

शहाण्या माणसानं चोर म्हटल्यासारखं वाटलं, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येईना.

"आई, तुझ्या मोबाइलात किती वाजलेत?"

"नऊ नऊ."

"आणि भिंतीवर?"

"आगं, माझा पंधरा मिनिटं पुढं हाय. गावाकडची एसटी चुकत हुती म्हणून मीच तसा ठेवलाय. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

नव्हतं माहीत. हे त्या माणसाला इंग्रजीत कसं सांगायचं, तेही कळेना. शेवटी सरळ लिहिलं: हा मोबाइल माझ्या आईचा आहे. एसटी चुकू नये म्हणून ती घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवते. लिहिल्यावर मलाच ते खोटं वाटायला लागलं. मग मोबाइलची वेळ दुरुस्त केली, तिन्ही वस्तू पिशवीवरच्या ऑर्डर नंबरच्या चिठ्ठीशेजारी मांडल्या आणि नवे फोटो पाठवले.

मग: "आम्ही तुमची गैरसोय समजू शकतो. वस्तू परत घ्यायला आमचा माणूस येईल."

"फाटलेलं दूध पातेल्यात आहे," मी लिहिलं. "ते कशात भरून न्याल? हा नाशवंत माल आहे."

आणि मग एकदम: पूर्ण रक्कम मूळ खात्यात दोन-तीन दिवसांत जमा होईल, वस्तू परत करायची गरज नाही, कृपया टाकून द्या.

मी आईला वाचून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हताच.

"पैसं बी देणार आणि माल बी नेणार न्हाय?"

"व्हय."

"मग त्येनं बघितलं कुठं? वास न्हाय, हात लावला न्हाय. आमच्या सेंटरला दूध फाटलं तर कॅन समोर आणायला लागायचा. आन् मघाशी तर तुला खोटं पाडत हुता."

"आता पटलं असेल त्याला."

"काय पटलं? घड्याळ का दूध?"

नवे फोटो पटले, की आईची एसटी पटली, की पातेल्यातलं दूध कोण नेणार म्हणून त्यानं नाद सोडला, मला अजून कळलेलं नाही. चॅट तर बंदच झालं होतं; वर फक्त पाच चांदण्या देता का, असा प्रश्न होता.

आईनं पनीर आणि मशरूम कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकलं, ते टाकतानाही दोनदा मागं वळून बघितलं, जणू कुणीतरी न्यायला येईल. मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून सुटं दूध आणलं. खीर झाली. मावशी जेवताना म्हणाली, "पनीर करणार हुतीस न्हवं?" आईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मावशी घास हातात धरून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे नेमकं चुकलं कुणाचं?"

तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले, अगदी पूर्ण.