परदेशी फ्रेम

हे बोटीवरून सुट्टीला आले ते माझ्यासाठी परदेशी, रुंद फ्रेमचा चष्मा घेऊनच. माझा नंबर सांगून काचा त्यांनी मुंबईतच बसवल्या होत्या. तो लावल्यापासून माझं डोकं ठणकू लागलं. शाळेत शिकवताना फळ्यावरची अक्षरं दोन दोन दिसत. नजर जाते की काय, या धास्तीनं मला एका जागी बसवेना.

शेवटी रत्नागिरीच्या बाजारातल्या चष्मेवाल्यांकडे गेले. नंबर बरोबर निघाला. मग त्यांनी दोन्ही काचांच्या मध्यावर शाईचे ठिपके दिले, चष्मा मला लावला आणि आरसा धरला. ठिपके बुबुळांसमोर नव्हते, कानांच्या बाजूला सरकलेले होते.

"वहिनी, तुमचा चेहरा अरुंद, बुबुळं जवळ. काचेचा मध्य डोळ्यासमोर आणायचा तर एवढ्या रुंद फ्रेमला काच पुरत नाही. लहान फ्रेम घ्या."

चष्मा देतानाचा ह्यांचा खुललेला चेहरा आठवला, तरी लहान फ्रेम घेतली. दुखणं थांबलं.

"मी आणलेली फ्रेम आवडली नाही?" ह्यांनी विचारलं.

"आवडली. पण तिच्यातून नीट दिसत नाही."

त्यांनी ती पुसून डबीत ठेवली. बोटीवर परत जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला मात्र घरात कुठंच स्वस्थ वाटलं नाही.