सत्तेचाळिसाव्या प्रश्नातले मासे

पडदा वर जातो. प्रभादेवीची गल्ली, दुपार, खोलीत बर्फाची रिकामी पेटी उलटी घातलेली आणि तिच्यावर लॅपटॉप. मागे मासे विकणारी आई गुणवंती विळी धुतेय, पुढे लेक शेफाली टेलिग्रामकडे असं बघतेय, जसं जाळं फाटल्यावर कोळी समुद्राकडे बघतो.

फाटलंच होतं. शेफाली एकतीस वर्षांची. सहा वेळा संयुक्त परीक्षेला बसली, पाच वेळा पूर्व पास झाली, मुख्यला मात्र दरवेळी एका-दोन गुणांनी पडली. मग म्हणाली, पेपर सोडवून भागत नाही, आता काढूनच बघते. ‘सराव बंदर’ चॅनेलवर रोज संध्याकाळी फुकटचे पाच प्रश्न टाकायचे आणि ज्याला गोडी लागेल त्याने पैसे भरून बारा पेपरांची मालिका घ्यायची. एकशे एक्केचाळीस पोरांनी घेतली होती. कोणी वरळीत सिक्युरिटीत रात्रपाळी करणारा, कोणी लालबागच्या दुकानात हिशेब लिहिणारी.

पण रविवारी तिचा पेपर आला की सोमवारी तोच एका फुकट्या चॅनेलवर. नऊ हजार सदस्य, चालवणाऱ्याचं नाव नाही. प्रत्येक पानावर घेणाऱ्याचा नंबर तिने फिकट छापला होता, म्हणून तो बहाद्दर सगळा पेपर नव्याने टाइप करायचा. पोरं विचारू लागली, ताई, फुकट मिळतंय तर आम्ही पैसे का भरले? परीक्षेला तीन आठवडे होते. हा फटका बसला तर बंदर बंद, आणि शेफाली कायमची आईच्या टोपलीशेजारी.

गुणवंतीने विळी धुता धुताच शहाणपण सांगितलं. बाजारात दोन बायकांचे बोंबील सारखेच दिसतात, पण जिचे तिला ओळखू येतात. शेफालीने विळीकडे बघितलं, मग आईकडे, आणि हसली.

पुढच्या पेपरात सत्तेचाळिसावा प्रश्न होता, महाराष्ट्राचा राज्यमासा कोणता. उत्तर एकच, पापलेट. चुकीचे तीन पर्याय मात्र प्रत्येकाला वेगळे. बोंबील, मांदेली, रावस, सुरमई, घोळ, हलवा, बांगडा, तारली, मुडदुशी, वाम, पाला, करली. बारांमधून तिघांची टोळी निवडली तर दोनशेवीस तऱ्हा होतात. एकशे एक्केचाळीस माणसांना पुरून उरतात. एक्सेलच्या यादीतून एकशे एक्केचाळीस वेगळे पीडीएफ निघाले आणि ज्याचा त्याला खासगी चॅटमध्ये गेले. पोरांचं काहीच बिघडलं नाही, बरोबर उत्तर सगळ्यांना सारखंच होतं.

सोमवारी फुकट्या चॅनेलवर पर्याय होते पापलेट, वाम, तारली, मुडदुशी. शेफालीने यादी खाली ओढली. ओळ सत्त्याऐंशी. नाव नुसतं एच. के., पण नंबर तिला तोंडपाठ होता. दादरच्या ज्या क्लासमध्ये तिने तीन वर्षं घासली, त्याच्या दारावरच्या पाटीवरचा चौकशीचा नंबर. क्लासचे मालक हितेंद्र सर. फुकट पेपर वाटून पोरं गोळा करायची आणि पुढे क्लासला ओढायची, असा तो उद्योग. बिचाऱ्यांनी पैसे क्लासच्याच नंबरवरून भरले होते.

त्यांना काढून टाकलं असतं तर दुसऱ्या नावाने आले असते. म्हणून तिने पुढचा पेपर सरांसाठी खास काढला. पहिले दहा प्रश्न गणिताचे, सोपे, उत्तरं अचूक, प्रत्येकाचं उत्तर एक अंकी. सरांनी इमानेइतबारे टाइप केला, उत्तरपत्रिकेसकट टाकला.

संध्याकाळी ‘सराव बंदर’वर शेफालीने एवढंच लिहिलं: ‘फुकट पेपर सोडवणाऱ्यांनी पहिल्या दहा उत्तरांचे अंक ओळीने लावा. पेपरबद्दल शंका असल्यास त्या नंबरवर फोन करा. चालकाला आनंद होईल.’

मंगळवारी सकाळी हितेंद्र सर मासळी बाजारात मायलेकींच्या टोपलीपुढे हजर. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, आणि फोन बंद करूनही कानात घंटा वाजत असल्यासारखा चेहरा. रात्रभर फोन आले होते. एका पोराने तर काळ-काम-वेगाचं गणित फोनवरच समजावून घेतलं होतं.

“तुझा हात चांगला आहे, शेफाली,” सर म्हणाले. “चॅनेल आजच बंद करतो. उरलेले पेपर माझ्या क्लाससाठी रीतसर घेतो. तू म्हणशील तसं.”

गुणवंतीने टोपलीवरचं ओलं फडकं उचललं. “आधी मासे बघून घ्या, मास्तर. ह्यातलं पापलेट कुठचं?”

सरांनी बराच वेळ टोपली न्याहाळून हलव्यावर बोट ठेवलं.

शेफालीने हलवा उचलून बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “चालेल सर, पेपर देते. पण नाव माझंच छापायचं, आणि तुमच्या प्रतीत कुठले मासे सोडलेत, ते विचारायचं नाही.”