परत केलेला इसार

आमच्या धाकट्या दिरांनी कंपनी सोडली ती खोकल्यामुळे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, केमिकलच्या कारखान्यात ते ठेकेदाराच्या हाताखाली होते. डॉक्टरांनी सांगितलं, या हवेतून बाहेर पडा, नाहीतर छाती कायमची जाईल. हवा बदलायला लोक महाबळेश्वरला जातात. आमचे भाऊजी लग्नाच्या धंद्यात गेले. मी हसले होते तेव्हा. नंतर तो धंदा माझ्याही गळ्यात पडला, कारण हिशेब माझा बरा होता आणि तोंड तर त्याहून बरं होतं.

सालवडच्या आमच्या दोन खोल्यांत बसून आम्ही योजना आखली. मंडप, जेवण, फुलं, दिवे, बँड यांतलं काहीच आमचं नाही. सगळं लोकांकडून घ्यायचं आणि गिऱ्हाइकासमोर मात्र एकट्याने उभं राहायचं. तारीख धरताना गिऱ्हाइकाने चौथा हिस्सा द्यायचा, पंधरा दिवस आधी निम्म्यापर्यंत आणायचे, उरलेले लग्नाच्या आदल्या दिवशी. पंगती उठल्यावर पैसे मागायला गेलं की यजमान आहेर मोजत बसतात, हे मी माहेरी पाहिलं होतं. आम्हाला मिळालेल्या इसारातून मंडपवाल्याला, केटररला, बँडवाल्याला थोडं थोडं द्यायचं, म्हणजे तीच तारीख ते दुसऱ्याला देणार नाहीत. लग्न मोडलं तर गिऱ्हाइकाचा इसार बुडाला. मंडपवाल्या-केटररनीही आमचा आगाऊ परत द्यायचा नाही. फार तर पुढच्या कामात वळता करून द्यायचा.

खरी भीती रिकाम्या महिन्यांची होती. तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंत काय ते कमवायचं, मग चार महिने हात चोळत बसायचं. भाऊजींचं म्हणणं, पावसाळ्यात वाढदिवस घेऊ, कारखान्यांतल्या विश्वकर्मा पूजेचे मंडप घेऊ. मी म्हटलं, घेऊ की, पण प्रत्येक लग्नातला थोडा नफा बाजूला काढायचा आणि त्याला हात लावायचा नाही. ते गाठोडं पावसाळ्यात टिकलं तर धंदा टिकेल. नाही टिकलं तर भाऊजी परत त्याच फाटकातून आत.

तिसऱ्याच लग्नात वाऱ्याने आमची कमान पाडली. माणसं वाचली, एका पाहुण्याच्या स्कूटरचा मात्र चुराडा झाला. यजमान आमच्याकडे बघतात, आम्ही मंडपवाल्याकडे, आणि मंडपवाला आभाळाकडे. "वाऱ्याला मी बोलावलं का?" म्हणाला. दुरुस्ती आम्ही भरली. तेव्हापासून कोणाची चूक कोणी निस्तरायची हे प्रत्येकाशी आधी लिहून घ्यायला लागलो, आणि बँडवाला मला 'वकीलबाई' म्हणायला लागला. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वैशाखात केळव्याजवळच्या माहीमची चार लग्नं मिळाली. मासे विकायला बोईसरला येणाऱ्या एका बाईंनी मुलीचं लग्न आम्हाला दिलं आणि शेजारच्या तीन घरांनी त्यांचं बघून दिलं. बोटी किनाऱ्याला लागायच्या सुमारास लागोपाठ मुहूर्त. भाऊजींनी त्या दिवशी पेढे आणले. चारही घरं एकाच भावकीतली आहेत, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही ते नशीब समजलो.

बाईंच्या दारात मंडपाचे बांबू उतरले त्याच सकाळी भावकीतले वडीलधारे आजोबा गेले. सगळ्यांना सुतक. सुतक फिटेपर्यंत मुहूर्त टळले, पुढे पाऊस. एका मयताने आमचा अर्धा हंगाम नेला.

घरी भांडण झालं. मी म्हटलं, "कागदावर लिहिलंय, इसार परत नाही. बांबू उतरलेत, केटररने माणसं बांधलीत. आपण काय देवस्थान चालवतो?"

"वहिनी, त्यांच्या घरात मयत आहे," भाऊजी म्हणाले.

"मग तारीख पुढची घेऊ. मंडपवालासुद्धा म्हणतोय, तारीख पुढे ढकला, आगाऊ वळता करतो."

"सुतकात लग्नाच्या तारखेचं विचारू? लाज वाटेल मला."

आमच्याकडे घाटावर सुतकात लग्नाचं खरंच नाही विचारत. मी कागद घडी करून ठेवला. भाऊजींनी बाजूला काढलेलं गाठोडं सोडलं, चार पाकिटं केली आणि सुतक फिटल्यावर चारही घरी जाऊन इसाराची पै न् पै परत केली. येताना चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाले, "बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. फार वाईट वाटलं असेल त्यांना." "मी सांगून आलोय, दार उघडं आहे, तारीख ठरली की कळवा," असंही म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता.

पावसाळ्यात दोन वाढदिवस मिळाले. त्यातल्या एकाचा केक बिघडला, तोही आमच्या अंगावर आला. गणपतीच्या आधीच भाऊजी पुन्हा कंपनीत लागले. "तात्पुरतं," म्हणाले. "माहीमची चार लग्नं उभी राहिली की सोडतो. मंडपवाल्याकडे, केटररकडे आपला आगाऊ पडूनच आहे." खोकला आठवड्यात परत आला, जणू वाटच बघत होता.

तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी फोन आला नाही. एका रविवारी बोईसरच्या बाजारात मला त्या बाई दिसल्या. समोर पापलेटं मांडून बसल्या होत्या. मी विचारलं, "मुलीचं कधी करताय?"

"पुढच्या महिन्यात," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पालघरच्या लोकांना दिलंय. चारी घरचं."

माझं तोंड सुटलंच. "अहो, आम्ही वाट बघत होतो! निदान कळवायचं तरी."

आता त्यांनी वर पाहिलं. "तुमी वाट बगत होता? इसार कोनी परत केला? आमी तं मागितला बी नव्हता. घरात मयत झालं, आनि तुमी पाकिट आनून हातात दिलं. आमच्यात इसार परत करनं म्हंजे तोंड फिरवनं. तुमाला आमचं घर अपशकुनी वाटलं, असंच आमी समजलो. वर म्हने, दार उघडं हाय!"

"तसं नव्हतं हो. उलट..." कमानीपासून केकपर्यंत सगळं कागदावर आणलेल्या वकीलबाईला एक वाक्य जुळवता आलं नाही.

बाईंचा चेहरा जरा निवळला. "तवा सांगायचं होतं. आता पालघरवाल्यांनी आमचा इसार घेतलाय, तो कसा मोडू?" असं म्हणून त्यांनी मला चांगली दोन पापलेटं निवडून दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी ते बळेच टोपलीत ठेवले.

घरी आले तेव्हा भाऊजी पहिली पाळी करून, खाटेला टेकून बसले होते. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत मी मासे ओट्यावर ठेवून उभी राहिले.

"ताजी दिसतायत," ते म्हणाले. "माहीमच्या बाई भेटल्या का?"

"भेटल्या."

"मुलीचं कधी म्हणतात?" मोबाइल त्यांच्या मांडीवर होता. पाळीवर मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तर रोज सुटल्या सुटल्या फाटकाबाहेर उभे राहून आधी आलेले फोन बघतात, हे मला त्यांच्याच एका सोबत्याने सांगितलं होतं.

मी विळी घेतली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"ठरायचंय अजून," म्हटलं. "ठरलं की करतील फोन."