कंसातला धातू

“तिले मराठी येत नाही म्हणे! घरी मराठीतच भांडत असंन ना वं?”

ऑफिस सुटल्यावरही टाइप करत बसलेल्या टायपिस्टबाई माझ्याकडे बघत शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाल्या. बरोबरच होतं. मी घरी मराठीतच भांडायचे, फक्त मनातल्या मनात. पण शाळा इंग्रजी, तिथे दुसरी भाषा हिंदी घेतलेली. म्हणून कागदोपत्री मला मराठी येत नव्हती. नोकरी कायम व्हायची तर खात्याची मराठी परीक्षा पास होणं भाग होतं. बाबांनी सांगून टाकलं होतं: पास झालीस तर नोकरी, नाही तर मौद्याच्या स्थळाला होकार.

शिकवायला ऑफिस सुटल्यावर टायपिंगच्याच खोलीत एक निवृत्त मास्तर यायचे. फळ्यावर वाक्य, मधे रिकामी जागा, कंसात धातू.

मुलगा परदेशी ___ (जा).
मुलगी सासरी ___ (जा).

“दोन्हीकडे ‘जाईल’!” मास्तर खुशीत म्हणायचे. “तो जाईल, ती जाईल, ते जाईल. भविष्यकाळात लिंगभेद नाही.”

बाकीच्या वाक्यात काय होतं, ते त्यांनी पाहिलं नसावं.

मग आम्ही जाऊ, तू जाशील, तुम्ही जाल, ते जातील, त्या जातील. मागून टायपिस्टबाई हसल्या, “आमच्याकडं मीबी जाईन अन् तोबी जाईन, मास्तर. पोचतात दोघंबी.”

मास्तरांची एक पद्धत होती: पुरं केलेलं वाक्य उभं राहून, आपलंच समजून, खणखणीत म्हणायचं. माझ्या वाट्याला ‘ती पोळ्या करील’, ‘त्या हळदीकुंकवाला येतील’ अशी वाक्यं यायची. शेजारचा केरळी स्टेनो ‘मी साहेब होईन’ म्हणायचा आणि बसताना थोडा साहेब झालेला असायचा. मी पोळ्या पुटपुटून खाली बसायचे.

तोंडी परीक्षा त्याच खोलीत झाली, घेणारेही मास्तरच. बाबा न्यायला आले होते. उघड्या दाराबाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते. माझी रूपं बरी चालली होती. ‘मी’ला ‘राहीन’, ‘तुम्ही’ला ‘याल’, दोन्ही बरोबर.

“आता हे शेवटचं,” मास्तर म्हणाले. “एवढं आलं की पास. पुरं वाक्य म्हणा, मोठ्यानं.” त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

लग्न झाल्यावर मी नोकरी ___ (सोड).

उत्तर सोपं होतं. ते म्हटलं की नोकरी टिकणार होती. बाहेर बाबांच्या बाकाची करकर थांबली. टाइपरायटरही थांबला.

“बोला, बाई. सोपं तर आहे.”

मी उभी राहिले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“रूप ‘सोडीन’ आहे, सर. पण मी सोडणार नाही.”