दारावरची वायर

भांडुपच्या आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. नवे भाडेकरू राहायला आले त्या दिवशी त्यांच्या म्हाताऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं आणि घरमालक काकांनी प्रसंगावधान राखून ते चालू केलं. ही गोष्ट मी सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकली, मुलीच्या सासरी ऐकली, एजंट बाईंच्या तोंडूनही ऐकली. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे बरेच महिने मला एकट्यालाच माहीत होतं.

पत्नी गेल्यावर मुलीने मला मुलुंडला तिच्याकडे नेलं. घर तळमजल्यावरचं, एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. बंद ठेवण्यापेक्षा भाड्याने देऊ, असं ठरलं. आमच्याच रस्त्यावर दुकान असलेल्या, घरं भाड्याने लावून देणाऱ्या एक बाई आहेत, चाळिशीच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, हल्ली माणसं आधी फोटो बघतात, पटले तरच पाय उचलतात. तेव्हा मी बारीकसारीक सामान आवरून ठेवावं, त्या येऊन फोटो काढतील.

मी माझ्या परीने आवरलं होतं. बाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. टीव्हीखाली वायरींचं जाळं, खिडकीच्या ग्रिलला वाळत टाकलेले टॉवेल, फ्रिजवर औषधांचे डबे, भिंतीवर नातवंडांचे शाळेतले फोटो, खिळ्याला अडकवलेलं लाइटबिल. बिलावर माझं पूर्ण नाव आणि ग्राहक क्रमांक. "काका, हे सगळ्या जगाला दाखवायचंय का?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला. जे उचलता येत होतं ते आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघरात नेऊन कोंबलं. मग हॉलचे फोटो काढले. मग उचललेलं सगळं हॉलमध्ये आणलं आणि स्वयंपाकघराचे काढले.

जे हलवायचं राहिलं, ते त्यांनी फोनवर पुसलं. तोवर मला हे ठाऊक नव्हतं. फोटोतल्या वस्तूभोवती बोट फिरवलं की वस्तू नाहीशी होते आणि तिच्या जागी फोन आपल्या मनानेच भिंत भरतो. पत्नीचा हार घातलेला फोटो असा पुसला गेला तेव्हा मला कसंतरी झालं, पण तो लोकांना दाखवायचा नव्हता हेही खरं. फरशीवरचं पायपुसणं पुसलं तर फरशीच्या रेघा वाकड्या झाल्या. बाईंनी तो फोटो टाकून दिला, पायपुसणं हाताने उचललं आणि पुन्हा फोटो काढला.

पुसण्याचा त्यांचा एक नियम होता. "जे तुमच्या टेम्पोत चढणार, ते फोटोतून गेलं तरी चालेल. जे या भिंतींबरोबर इथेच राहणार, ते फोटोत राहणार." मोरीच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरून पापुद्रे सुटले होते. मी सहज म्हटलं, हेही जाईल का बोटाने? त्या म्हणाल्या, जाईल, पण मग पहिल्या पावसात भाडेकरू माझ्या दुकानात येऊन उभा राहील. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत हातभरावर दिसते, तीही त्यांनी तशीच ठेवली. जाहिरातीच्या खाली त्या लिहिणार होत्या की राहत्या माणसांचं सामान आणि सुट्या वायरी फोटोतून काढल्या आहेत, बाकी घर आहे तसं आहे.

मग त्यांनी बेडरूमचा फोटो काढायला घेतला. बेडरूमच्या दारावरून एक वायर आत गेली होती. हॉलच्या बोर्डातून निघून, चौकटीच्या कडेने वर, क्लिपांनी ठोकलेली, आणि पलीकडे खाली उतरून पलंगाच्या उशाशी एक्स्टेंशनच्या डब्यात. बाईंनी फोन खाली घेतला आणि विचारलं, ही तुमची की घराची?

ती घराचीच होती. बेडरूमच्या भिंतीतला प्लग पॉइंट बऱ्याच वर्षांपूर्वी आतून जळला होता. दिवा आणि पंखा वेगळ्या लाइनवर होते, ते चालायचे. पॉइंट तेवढा मेला. भिंत फोडून नवी वायर ओढायला हवी होती. पत्नी म्हणायची, माणूस बोलवा. मी म्हणायचो, गणपती झाले की बोलावतो. तात्पुरती म्हणून मी ही वायर ठोकली. तिच्या आजारपणात शेकायची पिशवी, वाफेचं मशीन, सगळं तिने त्या वायरीवर चालवलं. शेवटपर्यंत तिच्या नजरेसमोर ती तात्पुरती वायर होती.

हे बाईंना सांगायला काय झालं होतं? मला लाज वाटली, एवढंच. घर नीट ठेवणारा माणूस म्हणून सोसायटीत माझं नाव होतं. मी म्हणालो, "ही आमची आहे. सुटी वायर. टेम्पोत जाणार."

बाईंनी बोट फिरवलं. वायर गेली. उशाशी भिंतीवरचा प्लग पॉइंट मात्र फोटोत स्वच्छ दिसत राहिला, कारण तो भिंतीचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. झोप लागली. पण दोन-तीन दिवसांनी मन खाऊ लागलं, आपण खोटा फोटो लावला. मग मी काय केलं, तर भांडुपला जाऊन शिडीवर चढलो आणि ती वायर काढून टाकली. क्लिपा उपटल्या, वायर गुंडाळली आणि खरोखरच मुलुंडला घेऊन आलो. आता फोटो खरा झाला, असं मला मनापासून वाटलं. बाईंना दिलेला शब्दही पाळला गेला. बेडरूममध्ये वीज येण्याची जी एक वाट होती ती आपण बंद केली, हा विचार मनात आला नव्हता असं नाही. मी तो आत येऊ दिला नाही.

दिंडोशीचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. वडील कोकणातले, गिरणीत आयुष्य गेलेलं, आता फुप्फुसं साथ देत नव्हती. ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि लिफ्ट नव्हती, म्हणून त्यांना तळमजला हवा होता. मुलगा घर बघून गेला. दिवा लावला, पंखा लावला, नळ सोडला. सुनेला सुट्टी मिळाली नाही, तिने फोटोवरच घर ठरवलं. सासऱ्यांचा पलंग कुठे लावायचा तेही फोटोवरच. उशाशी पॉइंट आहे म्हणजे मशीन तिथेच, दार लोटलं की त्यांना त्यांची खोली, असं तिने मला फोनवर आनंदाने सांगितलं. मी म्हणालो, "हो, हो."

ते आले त्या दिवशी चावी द्यायला मी गेलो होतो. म्हाताऱ्याला आधी पलंगावर बसवलं. मशीन उशाशी ठेवून त्याची पिन पॉइंटात घातली, बटण दाबलं. मशीन आतल्या छोट्या बॅटरीवर नुसतं शिट्टीसारखं वाजत राहिलं, चालू झालं नाही. मुलाने पिन काढून पुन्हा घातली. सून म्हणाली, टेम्पोत आपटलं असणार. म्हाताऱ्याला लहान सिलिंडर लावला होता, त्यावर फार वेळ निघणार नव्हता. मुलगा ज्यांच्याकडून मशीन आणलं त्यांना फोन लावत होता, तिकडून कोणी उचलत नव्हतं. मशीन उलटं करून बघितलं, फिल्टर काढून झटकला. म्हातारा कोणाकडेच न बघता तोंड उघडून श्वास ओढत होता.

मी दारात उभा होतो. डोक्यावर, चौकटीच्या वर, मी उपटलेल्या क्लिपांची भोकं होती. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मशीन पुन्हा एकदा उघडून बंद करण्याइतका वेळ, नक्की. मग मी, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात म्हणालो, "हॉलमध्ये लावून बघा की."

हॉलमध्ये ते चालू झालं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाने माझा हात धरला आणि म्हणाला, काका, तुम्ही होतात म्हणून. वर त्याने माझी माफीही मागितली, आमच्या मशीनने तुमचा पॉइंट उडाला बहुतेक, आम्ही दुरुस्त करून घेऊ. मी म्हणालो, राहू द्या, घाई नाही.

तेव्हापासून म्हाताऱ्याचा पलंग हॉलमध्ये. लांब वायर दारातून न्यायला सून घाबरायची, कोणाचा पाय अडकला तर मशीन बंद.

पुढे काही महिन्यांनी सोसायटीच्या एका सहीसाठी मी तिकडे गेलो. सुनेकडे ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, हॉलमध्येच बसल्या होत्या. म्हाताऱ्याला लघवी लागली. चादरीखाली भांडं घेऊन त्याने भिंतीकडे तोंड केलं. मैत्रिणी मोठ्याने कशाबद्दल तरी बोलू लागल्या, त्याला आवाज ऐकू येऊ नये म्हणून. बेडरूमचं दार सताड उघडं होतं, आत कपड्यांचं स्टँड उभं होतं.

मैत्रिणी गेल्यावर मी सांगितलं. पॉइंट आधीपासून मेलेला, वायर घराची होती, मी बाईंशी खोटं बोललो, मग वायर काढून नेली. आणि त्या दिवशी मला माहीत होतं, हेही.

सुनेने फोनमध्ये जपून ठेवलेला तो फोटो काढला. बेडरूमच्या दाराशी जाऊन फोटोतली चौकट आणि खरी चौकट तिने आळीपाळीने पाहिली. फोटोत वरची भिंत गुळगुळीत होती. ती म्हणाली, ही भोकं मी रोज बघते, मला वाटायचं तोरणाची असतील. मग ती म्हणाली, "वायर दिसली असती तरी आम्ही हेच घर घेतलं असतं, काका. फक्त आधी इलेक्ट्रिशियन बोलावला असता."

म्हातारा पलंगावरून माझ्याकडे बघत होता. नळी नाकाशी धरून, दम घेत त्याने एवढंच विचारलं.

"माका धाप लागली हुती, तेव्हा गप कित्याक रवलंस?"

वायरीची लाज वाटली म्हणून, हे खरं उत्तर आहे, पण श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसासमोर ते उच्चारायला तोंड उघडेना. आज इथे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिशियन घेऊन गेलो. दोन दिवस नव्या वायरीसाठी भिंतीला झिरी पाडण्याचं काम चाललं, घरभर धूळ. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून मुलाने त्याला तेवढे दिवस बहिणीकडे ठेवलं. मी मुलुंडला आमच्याकडे चला म्हणालो होतो, पण मुलाने बहिणीलाच फोन लावला. एजंट बाईंना मी दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की यापुढे घरमालकाला विचारणारच नाही, प्रत्येक पॉइंटात स्वतःचा चार्जर घालून बघेन. माझ्याशी त्या पूर्वीसारख्या फटकळ बोलत नाहीत. अहो-जाहो करून, मोजकं बोलतात.

काम झाल्यावर पलंग आत गेला. शेवटचा गेलो तेव्हा बेडरूमचं दार लोटलेलं होतं आणि आतून मशीनचा आवाज येत होता. सुनेने पाणी दिलं. मी म्हाताऱ्याला भेटू का, असं विचारलं. ती आत जाऊन आली आणि म्हणाली, झोपलेत. आत रेडिओ चालू होता, आणि कोणीतरी त्याचं स्टेशन बदलत होतं. मी पाणी पिऊन निघालो.