मोकळं आभाळ

पिंप्राळ्यात माझं फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे. त्याआधी मी ब्रशने पाट्या रंगवायचो. डिझाइनचं काम आमच्याकडे एक ताई करतात, कितीतरी वर्षांपासून. त्या मला भाऊ म्हणतात. त्या ताईंवर मी संशय घेतला, तोही एका आभाळावरून.

कॉम्प्युटरला वर्णन लिहून दिलं की तो चित्र काढून देतो, हे आमच्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, आता डिझाइन करणाऱ्याची गरज कमी होणार. ताईंनी मात्र सुरुवातीलाच सांगितलं, "चित्र त्याच्याकडून घ्या भाऊ, अक्षरं नको. अक्षरांची जागा मोकळी ठेवायला सांगा, मग आपण टाइप करू." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बाई आपलं पोट सांभाळते आहे.

मग त्यांच्या कॉम्प्युटरवर मला एक फोल्डर दिसलं. केळीची बाग, दुकानाचं दार, लग्नाचा मंडप. चित्रं सुरेख, पण प्रत्येकात अर्धी जागा रिकामी. कुठे नुसतं आभाळ, कुठे कोरी भिंत. एकावरही गिऱ्हाइकाचं नाव नाही. त्यांच्या भावाने धुळ्यात फ्लेक्सचं मशीन घेतल्याचं कानावर आलं होतं. ही तयारी तिकडचीच, असं मी धरून चाललो. त्यानंतर त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या तरी माझे कान दाराकडे. विचारलं मात्र कधी नाही. नवी डिझाइनर शोधायचं ठरवून टाकलं.

त्याच दिवसांत धुळ्याकडचे एक आबा आले. त्यांची लेक इथे शिलाईचं दुकान काढत होती. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर खाली सगळ्या भाऊबंदांची नावं हवी होती. हे काम मी ताईंना दिलंच नाही. शिलाई मशीन, झेंडूचं तोरण, वर 'शुभारंभ', खाली नावांची ओळ, असं सगळं लिहून कॉम्प्युटरकडून चित्र मागवलं. 'शुभारंभ' अगदी बरोबर आलं. खालची नावं स्क्रीनवर बारीक दिसत होती. शिरोरेघ सरळ होती, ओळ भरलेली दिसली. मी छापायला टाकलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर आबा फ्लेक्स जमिनीवर पसरून त्याच्यावर वाकले होते.

"हाई काय लिखेल शे भाऊ? माले वाचता येस नही का तुले लिखता येस नही?"

मी वाकून पाहिलं. रेघेखाली अक्षरांसारखं काहीतरी लटकत होतं. काने होते, वेलांट्या होत्या. वाचायला गेलं तर एकही नाव नव्हतं.

"बठ्ठा गाव हसी माले," आबा म्हणाले. "लेकना सासरना बी येतीन."

मी ताईंकडे वळलो. "मी नसताना फाइल कोणी उघडली होती?"

त्या खुर्चीवरून उठल्या. "बसा भाऊ. जे लिहिलं होतं तेच पुन्हा द्या. माझ्यासमोर."

मी दिलं. नवं चित्र आलं. या वेळी 'शुभारंभ'च मोडलं होतं, आणि खालच्या नावांची वेगळीच मोडतोड. पुन्हा दिलं, तर तिसराच प्रकार. माझी बोटं थांबली.

"ते लिहीत नाही," ताई म्हणाल्या. "अक्षराचं चित्र काढतं. इंग्रजी खूप पाहिलंय त्याने, आपलं कमी. त्यात आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. मोठा शब्द कधी साधतो, बारीक ओळ बिघडते."

हे मला कळायला हवं होतं. पाट्या रंगवताना वाचता न येणारे मदतनीस मी पाहिले होते. वळण हुबेहूब उतरवायचे, आणि शब्द भलताच व्हायचा. शिवाय चित्राआधी मी स्वतःच खडू लावलेल्या दोरीने अक्षरांची जागा आखून घ्यायचो.

ताईंनी ते फोल्डर उघडलं. "लग्नसराईसाठी करून ठेवली होती. पाटी, फलक काही नको, वरचा भाग कोरा, असं स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर कोऱ्या जागेतही काहीतरी खरडतं." दुकानाच्या दाराचं चित्र त्यांनी घेतलं. आभाळात 'शुभारंभ' टाइप केलं, खालच्या कोऱ्या पट्टीत नावं. छापायला टाकणार तेवढ्यात आबांना एक व्याही आठवले.

"ऱ्हायनात ना ते."

"सांगा आबा, जागा आहे." ताईंनी नाव घातलं. बाकीची नावं जरा सरकली, एवढंच.

आबा नवा फ्लेक्स गुंडाळून गेले. मी ताईंना म्हटलं, "चुकलं माझं." त्या "असू द्या" म्हणाल्या आणि की-बोर्ड पुसायला लागल्या.

त्या अजून आमच्याकडेच आहेत. फक्त आता जेवायला उठण्याआधी मला हाक मारतात. "भाऊ, या. फाइल बंद करते आहे, बघून घ्या." मी जातो, बघतो. नको म्हणायला तोंड उघडत नाही.